तांड्यावरची पाच मुलं

प्रिय विद्यार्थिनी,
सस्नेह आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा कच्चा मसुदा काल रात्री वाचून संपवला. काड्यांच्या गठ्ठ्यांनी हातच्याची वजाबाकी शिकवायचा तुझा प्रयोग मला मनापासून आवडला. पण ‘मर्यादा’ वाचताना थांबले. तू लिहिलंयस: “सदर संशोधन एका शाळेपुरते मर्यादित आहे. विद्यार्थ्यांचा थकवा, आवड व मानसिक स्थिती यांवर संशोधिकेचे नियंत्रण नाही. नमुना लहान असल्याने निष्कर्ष काळजीपूर्वक स्वीकारावेत.” ही वाक्यं कुठल्याही प्रबंधात चिकटवता येतील. तुझ्या वर्गात काय घडलं, त्याचा यात मागमूस नाही.

असं का होतं ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे व्याप्ती, मर्यादा आणि परिमर्यादा पहिल्या प्रकरणात येतात आणि त्या आराखड्यातूनच उचललेल्या असतात. म्हणजे प्रयोग सुरू व्हायच्या आधी लिहिलेल्या. तिसरीचाच वर्ग घ्यायचा, वजाबाकीच घ्यायची, हे तू ठरवलंस. ती परिमर्यादा, ती पहिल्या प्रकरणात ठीक आहे. पण प्रयोग चालू असताना जे हातातून निसटलं ते आराखड्यात कुठून असणार? त्यासाठी पाचव्या प्रकरणात, निष्कर्षांना लागूनच, दीड-दोन पानं काढ.

सुरुवात त्या पाच मुलांपासून कर. गठ्ठ्यांनी शिकवलेल्या अ तुकडीत पूर्वचाचणीला २९ मुलं होती, उत्तरचाचणीला २४. तुझ्या तक्त्यात थेट २४ आहेत. दिवाळीनंतर पाच घरं ऊसतोडीला गेली आणि तांड्यावरची ती पाचही मुलं तुझ्याच तुकडीतली होती, हे मला तू फोनवर सांगितलंस. प्रबंधात त्याचा एक शब्दही नाही. माझ्या स्वतःच्या प्रबंधात मी अशीच तीन मुलं गाळली होती. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी परिशिष्टातल्या हजेरीशी तक्ता ताडून पाहिला आणि त्यानंतर माझ्या एकाही आकड्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. आकडे खरे होते, तरीही.

नुसतं “पाच विद्यार्थी अनुपस्थित” असं लिहून भागणार नाही. ती गेल्यामुळे निष्कर्ष कुठल्या बाजूला झुकला ते सांग. त्यांची पूर्वचाचणी तुझ्याकडे आहे: त्यांचं मध्यमान २० पैकी ५, उरलेल्या २४ जणांचं ८.१. म्हणजे कच्ची मुलं गेली आणि तुझ्या तुकडीची वाढ कदाचित आहे त्यापेक्षा जास्त दिसते आहे. किती जास्त, त्याचा अंदाज बांधता येतो. अ तुकडी सरासरी ६.१ गुणांनी वाढली, गठ्ठ्यांशिवाय शिकलेली ब तुकडी २.७ गुणांनी. फरक ३.४. आता समज, ती पाच मुलं थांबली असती आणि त्यांची ब तुकडीइतकीच, २.७ गुणांची वाढ झाली असती. मग २९ मुलांची सरासरी वाढ ५.५ येते आणि फरक २.८ उरतो. अगदी शून्य वाढ धरली तरी फरक सुमारे २.३ राहतो. हे गणित मर्यादेतच मांड. वाचणाऱ्याला कळेल की भोक आहे, पण त्यातून सगळं धान्य सांडलेलं नाही.

“नमुना लहान म्हणून निष्कर्ष काळजीपूर्वक स्वीकारावेत” हे वाक्य मात्र काढूनच टाक. लहान नमुन्याने उत्तर चुकीचं ठरत नाही, ते सैल होतं, आणि किती सैल हे मोजता येतं. तुझ्या आकड्यांवरून ९५ टक्के विश्वास-अंतराल साधारण १.४ ते ५.४ गुण येतो. तोच लिही: फरक शून्याच्या वर आहे असं दिसतं, पण तो दीड गुणाचा की पाच गुणांचा, हे ४९ मुलांवरून नक्की सांगता येत नाही. नमुना लहान असल्याची किंमत या अंतरालात आधीच चुकती झाली आहे, पुन्हा वेगळी माफी मागायची गरज नाही.

सगळ्यात मोठी मर्यादा तू लिहिलेलीच नाहीस. अ तुकडीला तू शिकवलंस, ब तुकडीला तुझ्या सहकारी बाईंनी. त्यामुळे वाढ गठ्ठ्यांमुळे झाली की तुझ्यामुळे, हे टी-मूल्य सांगू शकत नाही. यावर “पुढील संशोधकांनी मोठा नमुना घ्यावा” ही शिफारसही लागू पडत नाही. दोनशे मुलं घेतली आणि शिकवणाऱ्या दोघीच राहिल्या, तरी गुंता तसाच राहील. हे स्पष्ट लिही, आणि पहिल्या क्रमांकावर लिही.

पण इथे तुझ्या हातात एक चांगला पुरावा आहे आणि तो तू परिशिष्टात पुरून ठेवलायस. मुलं स्थिरावीत म्हणून चाचणीच्या सुरुवातीला तू हातच्याच्या बेरजेची पाच उदाहरणं दिली होतीस, ती २० गुणांत धरली नाहीस. त्या बेरजेत अ तुकडी ०.५ ने वाढली, ब तुकडी ०.४ ने. तुझा उत्साह, मुलांना तुझा असलेला लळा, एवढ्यानेच वाढ झाली असती तर बेरजेतही अ तुकडी ब च्या बरीच पुढे गेली असती. तशी ती गेली नाही. शिवाय चुका बघ. पूर्वचाचणीत ५२ – २७ चं उत्तर कितीतरी मुलांनी ३५ लिहिलं होतं: दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन वजा केले. गठ्ठा सोडून सुट्ट्या काड्या करताना नेमकी हीच चूक मोडते. उत्तरचाचणीत अ तुकडीत ती चूक किती उरली आणि ब मध्ये किती, ते पेपर पुन्हा काढून मोज. जी चूक मोडायला गठ्ठे होते तीच कमी झाली असेल, तर तुझं म्हणणं पुष्कळ बळकट होतं.

त्याने एक शंका तरीही मिटत नाही. तू वजाबाकीला १८ तासिका दिल्यास. ब तुकडीला किती मिळाल्या? बाईंची टाचणवही मागून बघ. त्यांनी १२ च दिल्या असतील, तर तुझा निष्कर्ष “गठ्ठे आणि जास्तीच्या सहा तासिका” असा लिहावा लागेल. तोही निष्कर्षच आहे, पण वेगळा.

उत्तरचाचणी शेवटच्या तासिकेनंतर चौथ्या दिवशी झाली, त्यामुळे शिकलेलं टिकतं का हे कळत नाही. ही मर्यादा लिहिण्याआधी थांब. शाळा अजून चालू आहे, प्रबंध द्यायला सहा आठवडे आहेत. आकडे बदललेली तीच चाचणी दोन्ही तुकड्यांना पुन्हा दे. एका सकाळचं काम आहे.

निष्कर्षाचं वाक्य मी असं लिहिलं असतं: “या शाळेतील तिसरीच्या, प्रयोगकाळात गावात राहिलेल्या मुलांमध्ये, संशोधिकेने स्वतः काड्यांच्या गठ्ठ्यांनी शिकवलेल्या तुकडीची हातच्याच्या वजाबाकीतील वाढ दुसऱ्या तुकडीपेक्षा सरासरी ३.४ गुणांनी जास्त होती.” यात ‘फक्त’ नाही, ‘केवळ’ नाही आणि ‘सिद्ध होते’ही नाही. कुणाबद्दल बोलतेस ते वाक्यातच आलं, म्हणून पुढे कच खायचं कारण उरत नाही.

गुरुवारपर्यंत टाचणातल्या तासिका आणि चुकांची मोजणी पाठव. आणि ती पाच मुलं परत आली की त्यांचीही चाचणी घे. त्यांचे गुण मुख्य तक्त्यात मिसळू नकोस, खाली स्वतंत्र ओळीत दे.

तुझ्या मॅडम