आधी संदेश, मग भेटवस्तू

निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याच्या निरोप समारंभाची तयारी करताना भेटवस्तूची घाई करू नका, आधी कार्डासाठी संदेश गोळा करा. कोरं कार्डच टेबलांवरून फिरवलंत, तर पहिला 'पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा' लिहितो आणि बाकीचे तेच उतरवतात. त्यापेक्षा प्रत्येकाला सुटा कागद देऊन एकच प्रश्न विचारा: 'त्यांच्याकडून तुम्ही कोणतं काम शिकलात?' मग 'चिडलेल्या ग्राहकाशी कसं बोलायचं, ते त्यांच्या शेजारी बसून कळलं' अशी खरी वाक्यं येतात.

मुदत समारंभाच्या आठवडाभर आधीची सांगा. उशीर करणारे असतातच. बदलून गेलेल्या जुन्या सहकाऱ्यांनाही विचारा. हे राहूनच जातं.

भेटवस्तू याच कागदांतून सुचते. तिघांनी खिडकीतल्या कुंड्यांबद्दल लिहिलं असेल, तर बागकामाची चांगली कात्री घ्या. भिंतीवरचं घड्याळ नको! आणि वर्गणी कुणी किती दिली, ते तुमच्यापाशीच ठेवा.