वॉक-इन इंटरव्ह्यूला जायच्या आधी कंपनीला ईमेल करून पत्ता, वेळ, कागदपत्रं विचारली तर चालतं का?

विचारायलाच पाहिजे. माझा दादा मात्र अजून म्हणतो, "वॉक-इन म्हणजे थेट जायचं. विचारत बसणारा माणूस त्यांना कच्चा वाटतो." त्याचं ऐकून मी हातची नोकरी घालवली.

जाहिरातीत "सातारा एमआयडीसी, सकाळी १० ते १" एवढंच होतं. विट्याहून पहाटेची एसटी धरली, कराडला गाडी बदलली आणि साडेनऊला साताऱ्याच्या स्टँडवर उतरले. रिक्षावाले काका म्हणाले, "जुनी एमआयडीसी की अतिरिक्त?" मला काय माहीत! जुन्या एमआयडीसीत कंपनीचा बोर्ड दिसला, पण वॉचमन म्हणाला, "ताई, हे गोडाऊन आहे. मुलाखती तिकडच्या प्लँटवर." तिथं पोचेपर्यंत पावणेअकरा झाले. मुलाखती १ पर्यंत चालणार होत्या, पण नावनोंदणी साडेदहालाच बंद झाली होती. रिपोर्टिंगची वेळ आणि मुलाखतीची वेळ वेगळी असते, हे मला गेटवर कळलं. एचआरच्या मॅडमनी तरीही फाईल बघितली. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि विवाह नोंदणीचा दाखला विट्याला कपाटात. तिथंच विषय संपला.

म्हणून मेल करताना नेमकं विचारा. "ठिकाण कोणतं?" असं मोघम विचारलं तर जाहिरातीतलाच पत्ता परत येतो. मी आता असं लिहिते:

"विषय: क्वालिटी इन्स्पेक्टर पद, गुरुवारची थेट मुलाखत. महोदय/महोदया, मी मुलाखतीला येत आहे. कृपया प्लॉट नंबर आणि कोणत्या गेटवर यायचं ते कळवावं. नावनोंदणी किती वाजता बंद होते? मूळ कागदपत्रांसोबत झेरॉक्सचे किती संच लागतील? माझ्या मार्कशीटवर लग्नाआधीचं नाव आहे, त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला चालेल का?"

खाली पूर्ण नाव आणि मोबाईल नंबर. मुलाखतीच्या आदल्या रात्री पाठवून उपयोग नाही, कामाचे दोन दिवस तरी हातात ठेवा. उत्तर नाही आलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी फोन करा. आलं तर प्रिंट काढून फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा, गेटवर तीच दाखवता येते.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. मेलचं उत्तर आलं म्हणजे तुमचा नंबर राखून ठेवला असं नाही, रांगेत लवकरच उभं राहावं लागतं. आणि महापालिका, जिल्हा परिषद किंवा सरकारी दवाखान्याची कंत्राटी भरती असेल तर मेलपेक्षा त्यांची जाहिरात आणि वेबसाईटवरचं शुद्धिपत्रकच खरं धरा.

मागच्या महिन्यात दादाच्याच मुलाला कुपवाड एमआयडीसीत जायचं होतं. त्यानं मला विचारून मेल केला. उत्तर आलं की मुलाखत एक दिवस पुढे गेली आहे. तो मेल मी दादाला मोठ्यानं वाचून दाखवला.