इंग्रजी रीडिंगमधला अनोळखी शब्द फोडायचा कसा?

"दादा, मास्टर्ससाठी बाहेर जायचंय. आयईएलटीएसच्या अकॅडमिक रीडिंगमध्ये अवघड शब्द आला की गाडी अडते. उपसर्ग-प्रत्ययांची यादी पाठ केली तर फायदा होईल का?"

होईल, पण नुसत्या यादीने नाही. 60 मिनिटांत तीन उतारे आणि 40 प्रश्न उरकायचे असतात, उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही. म्हणून ज्या शब्दावर प्रश्नाचं उत्तर अवलंबून आहे, तेवढाच फोडायचा. बाकीचे खुशाल सोडून पुढे जा.

समज, उताऱ्यात वाक्य आलं: 'द ॲक्विफर हॅज बीन इरिव्हर्सिबली डॅमेज्ड.' यातला लांब शब्द शेवटाकडून सोडवायला घे. शेवटचा 'ली' सांगतो की हे क्रियाविशेषण आहे, म्हणजे नुकसान कसं झालं ते कळणार. त्याआधीचा 'इबल' म्हणजे 'करता येण्याजोगं'. मधला 'व्हर्स' लॅटिनमधला, अर्थ वळणं; 'री' म्हणजे मागे. आणि सुरुवातीचा 'इर' हा नकार. जोडून बघ: पुन्हा पूर्ववत करता येणार नाही असं नुकसान. हा 'इर' मुळात 'इन'च आहे. 'र'च्या आधी तो 'इर' होतो, 'ल'च्या आधी 'इल', 'प', 'ब' आणि 'म'च्या आधी 'इम'. इल्लीगल, इम्पॉसिबल हे तुझ्या ओळखीचेच आहेत.

आता प्रश्नातलं विधान असेल की हे नुकसान भरून काढता येईल, तर उत्तर 'फॉल्स'. शब्द कळला नाही की बरेच जण घाबरून 'नॉट गिव्हन' लिहितात आणि हातातला गुण घालवतात. उताऱ्यात माहिती होती, ती त्या दोन अक्षरी उपसर्गात होती.

'ॲक्विफर'चं काय? 'ॲक्वा' पाणी, 'फर' वाहून नेणं, जसं 'ट्रान्सफर'मध्ये. म्हणजे पाणी वाहणारं काहीतरी. पण नदी की कालवा, हे फोड सांगत नाही. पुढच्या वाक्यात विहिरी आणखी खोल खणल्याचा उल्लेख असेल, तर ते जमिनीखालचं आहे हे समजतं. खरा अर्थ पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर. इतकं नेमकं कळलं नाही तरी प्रश्न सुटतो.

फसवे शब्दही आहेत. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, अतिशय मोलाचं. 'इन्फ्लेमेबल' पदार्थ पेट घेतो. 'पेडेस्ट्रियन'मधला 'पेड' पायाचा, 'पीडियाट्रिक'मधला मुलांचा. म्हणून फोडून निघालेला अर्थ वाक्यात बसवून बघायचाच. लेखक त्या गोष्टीचं कौतुक करतोय आणि तुझा अर्थ नकारार्थी निघतोय, तर फोड चुकली आहे.

सराव करताना उतारा आधी घड्याळ लावून सोडव. मग अडलेल्या शब्दांचे अंदाज पेन्सिलीने समासात लिही, आणि डिक्शनरी त्यानंतरच उघड. तिथे शब्दाची व्युत्पत्तीही वाच. 'व्हर्स' सापडला की त्याच घरातले 'रिव्हर्स', 'कन्व्हर्ट', 'डायव्हर्ट' त्याच्याशेजारी लिहून ठेव. यादी अशी तयार झाली तर परीक्षेत आठवते.