उलटे आटे कळले, तरी फॅनची टोपी निघत नाही तेव्हा

प्रश्न: स्टँड फॅन साफ करायला काढलाय. पुढची जाळी निघाली, पण पात्याच्या मधली प्लास्टिकची टोपी काही केल्या निघत नाही. आधी नेहमीसारखी डावीकडे फिरवली, नवऱ्याने पकडही लावली. मग शेजारच्या काकांनी सांगितलं की आटे उलटे असतात. आता उजवीकडे फिरवते तर अख्खं पातंच फिरतं. टोपीच्या कडा झिजायला लागल्यात. काय करू?

उत्तर:

पकड आधी बाजूला ठेवा आणि प्लग काढलेला आहे ना ते बघा. काका बरोबर सांगतायत. पण त्याआधी तुम्ही दोघांनी डावीकडे जो जोर लावला, तो सगळा टोपी घट्ट करण्यात गेला. म्हणजे गंज, मळ आणि वर तुमचा जोर, अशा तिघांशी तुम्हाला झगडायचंय.

दिशा एकदा नक्की करून घ्या. फॅनच्या समोर उभं राहून, टोपी तुमच्याकडे तोंड करून असताना, घड्याळाच्या काट्यांसारखी फिरवली की ती सुटते. बरेच जण पातं धरायला सोपं पडतं म्हणून फॅनच्या मागे जातात आणि तिथून 'उजवीकडे' फिरवतात. मागून बघताना दिशा उलटी होते, आणि टोपी पुन्हा आवळली जाते. काही टोप्यांवर बाण कोरलेला असतो, धूळ पुसून बघा.

ही भानगड कंपन्यांनी उगाच केलेली नाही. आपले स्टँड फॅन समोरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतात. बटण दाबल्यावर शाफ्ट झटक्याने उजवीकडे निघतो, टोपी किंचित मागे राहते, म्हणजे शाफ्टच्या मानाने ती डावीकडे वळते. आटे सरळ असते तर रोज थोडी थोडी सैल होऊन एक दिवस सुटली असती. उलट्या आट्यांमुळे ती दर वेळी थोडी आवळते. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात तेही पायडल चालवताना सुटू नये म्हणूनच. त्यामुळे चार-पाच वर्षं न काढलेली टोपी हाताने सहज निघाली नाही तर नवल नाही.

आता तुमची खरी अडचण, पातं सोबत फिरतं ती. पात्याच्या मागच्या बाजूला खाच असते आणि शाफ्टमध्ये आडवी पिन, ती खाचेत बसते. (काही फॅनमध्ये पिन नसते, शाफ्टची एक बाजू चपटी असते.) म्हणून पातं धरलं की शाफ्टही थांबायला हवा. पातं टोकाशी धरू नका, तिथे प्लास्टिक लवतं आणि मुळाशी तडा जातो. मधल्या गोलाला लागून, जिथे पाती जाड असतात, तिथे मुठीत धरा. मग मागच्या फटीतून दिसणाऱ्या शाफ्टवर पेनने एक टिंब करा आणि टोपीला जोर द्या. टिंब जागचं हललं नाही तर पिन शाबूत आहे, फक्त टोपी जाम आहे. पातं स्थिर आणि टिंब मात्र फिरतंय, तर पात्याची खाच झिजलीय. मग पातं धरून उपयोग नाही, शाफ्टच धरावा लागतो. पातं आणि मोटर यांच्यात थोडा शाफ्ट उघडा असतो, तिथे जाड कापड गुंडाळून बारीक तोंडाच्या पकडीने दुसऱ्या माणसाने धरायचं. पकडीची हीच एक योग्य जागा आहे. अशा वेळी टोपीबरोबर नवीन पातंही आणावं लागणार, हे धरून चला.

मालवणला माझ्या मावशीकडे असाच एक फॅन होता. पावसाळाभर माळ्यावर पडलेला, शाफ्ट खारट हवेने गंजलेला. मी पहिल्यांदा टोपीवर वरून तेल सोडलं, आणि अर्थातच काही झालं नाही. टोपी पुढून बंद असते, वरचं तेल आट्यांपर्यंत पोचतच नाही. वाट फक्त मागून आहे, पात्याच्या गोलाच्या भोकातून. म्हणून फॅन टेबलावर पालथा आडवा केला, डोकं एका टोकाच्या बाहेर, जड बूड दुसऱ्या टोकाच्या बाहेर, पात्याचं तोंड खाली जमिनीकडे. मावसभावाने डोकं धरलं आणि मी मागच्या जाळीतून, पातं जिथे शाफ्टवर बसतं तिथे शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. तोंड खाली असल्याने तेल मोटरकडे न जाता आट्यांकडे उतरतं. रात्रभर तसंच ठेवलं. रॉकेल किंवा थिनर मात्र वापरू नका, पातं प्लास्टिकचं असेल तर, विशेषतः पारदर्शक असेल तर, त्याने तडे जाऊ शकतात.

सकाळी हेअर ड्रायर घेतला. प्लास्टिक तापलं की लोखंडापेक्षा बरंच जास्त फुगतं, त्यामुळे टोपीची शाफ्टवरची पकड ढिली होते. मिनिटभर टोपीवरच वारा सोडायचा, फिरवत फिरवत. टोपी हाताला चांगली गरम लागली पाहिजे, पण मऊ पडता कामा नये. ड्रायर नसेल तर गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं दोन-तीनदा गुंडाळा. मग लगेच, गरम असतानाच, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी टोपीभोवती आवळून एक छोटा, जोरदार झटका उजवीकडे. हळूहळू वाढवलेल्या जोरापेक्षा झटक्याने गंज लवकर सुटतो. मावशीची टोपी तिसऱ्या झटक्याला 'टक' करून सुटली. आत केसांचं आणि तेलकट धुळीचं कडं होतं.

तुमच्या टोपीच्या कडा झिजल्यात, त्यामुळे ट्यूबही घसरेल कदाचित. किंवा टोपी नुसतीच गोल फिरत राहील, बाहेर येणार नाही. तसं झालं तर आतले प्लास्टिकचे आटे गेलेत. मग दोन चमचे समोरासमोर टोपीच्या कडेखाली सरकवून हलकं उचला आणि दुसऱ्याने उजवीकडे फिरवत राहावं. तेही फसलं तर टोपीचा बळी द्यायचा. करवतीच्या पात्याने तिच्या बाजूवर, शाफ्टच्या दिशेत उभी चीर पाडा, लोखंड लागायच्या आधी थांबा, आणि चिरेत स्क्रू-ड्रायव्हर घालून पिळा. टोपी फाटते, शाफ्ट वाचतो. शाफ्टचे आटे कापले गेले तर काम मोटरवर जातं, म्हणून इथे घाई नको. फुटकी टोपी सोबत घेऊन दुकानात जा. आट्यांची जाडी सगळ्या फॅनमध्ये सारखी नसते, नुसतं 'स्टँड फॅनची टोपी' सांगून आणलेली बसेलच असं नाही.

पातं निघालं की मागच्या जाळीला धरणारी मोठी प्लास्टिकची चकती दिसेल. एव्हाना उलट्या दिशेची सवय झालेली असते, आणि तिथेच बरेच जण ती मोडतात. ती फिरत नाही, मोटरवर स्थिर असते, म्हणून तिचे आटे बहुतेक फॅनमध्ये सरळ असतात. ती डावीकडेच सुटते.

परत बसवताना शाफ्ट पुसून आट्यांवर व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट फिरवा. पातं मागे ढकलून पिन खाचेत बसल्याची खात्री करा, आणि टोपी डावीकडे दोन बोटांनी, थांबेल तिथपर्यंतच फिरवा. उरलेलं फॅन स्वतः आवळतो.