चार्जर लावल्यावरच स्क्रीन आपोआप का चालते?

प्रश्न: फोन एरवी अगदी नीट चालतो, पण बाजारातला दीडशे रुपयांचा चार्जर लावला की स्क्रीनवर आपोआप बटणे दाबली जातात. बिघाड फोनमध्ये आहे की चार्जरमध्ये? डिस्प्ले बदलावा का?

उत्तर: डिस्प्ले बदलू नका, निदान खाली सांगितलेली तपासणी होईपर्यंत तरी नाही. मी अमळनेरला मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. फोल्डर, म्हणजे टचसकट अख्खा डिस्प्ले, बदलूनही हीच तक्रार कायम राहिलेले फोन माझ्याकडे येतात आणि त्या माणसांचे पैसे विनाकारण गेलेले पाहून मला खरोखर वाईट वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टच स्क्रीनच्या काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या आडव्या-उभ्या वाहक रेषांची जाळी असते. एका दिशेच्या रेषांतून फोन ठराविक वारंवारतेचा संकेत सोडतो आणि दुसऱ्या दिशेच्या रेषांवर तो किती पोहोचला हे मोजतो. बोट टेकले की त्या ठिकाणची धारिता, म्हणजे कपॅसिटन्स, किंचित बदलते. हा बदल बहुधा एका पिकोफॅरडपेक्षाही कमी असतो आणि एवढ्याशा फरकावरून फोनला बोट कुठे आहे ते ठरवायचे असते.

आता चार्जरकडे पाहू. घरातील २३० व्होल्टच्या विजेचे तो आधी सुमारे ३२५ व्होल्टच्या डीसीत रूपांतर करतो, मग ती वीज सेकंदाला हजारो ते लाखाहून अधिक वेळा चालू-बंद करत एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेतो. ट्रान्सफॉर्मरची दोन्ही वेटोळी एकमेकांना इतकी खेटून असतात की त्यांच्यातही थोडी धारिता तयार होते आणि तिच्यातून या चालू-बंदचे धक्के पलीकडे, फोनच्या बाजूला, उतरतात. चांगल्या चार्जरमध्ये वेटोळ्यांच्या मध्ये आडोसा म्हणून एक जादा थर दिलेला असतो, किंवा दोन्ही बाजूंना जोडणारा, बहुधा निळ्या चकतीसारखा दिसणारा वाय कपॅसिटर बसवलेला असतो, जो या धक्क्यांना आल्या बाजूला परतण्याची वाट देतो. स्वस्त चार्जरमध्ये बचत होते ती नेमकी येथे.

हे धक्के प्लस आणि मायनस या दोन्ही तारांवर एकाच वेळी, एकाच दिशेने येतात, हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. तापीला पाणी चढले असताना हेलकावणाऱ्या नावेत कोणी वही उघडून बसला असेल, तर नाव, वही आणि तो माणूस सारे एकत्रच हलत असल्यामुळे त्याला लिहिता येते. पण काठावर उभे राहून कोणी त्याच वहीवर पेन टेकवले, तर रेघोट्याच उमटतील. चार्जरला लावलेला फोन ही ती नाव आहे आणि जमिनीच्या आधाराने असलेले आपले बोट हे काठावरचे पेन. बोट टेकताच हेलकावा बोटाच्या जागेतून मोजणाऱ्या रेषेत शिरतो आणि फोनला तिथे जादा बोटे असल्याचा भास होतो. मल्टीमीटरने तपासणारे येथेच फसतात, कारण प्लस आणि मायनस यांच्यामध्ये मोजले तर व्यवस्थित ५ व्होल्टच दिसतात. दोन्ही तारा मिळून जमिनीच्या तुलनेत किती हलत आहेत, हे त्या मोजमापात येतच नाही.

मागच्या उन्हाळ्यात चोपडा तालुक्यातील केळीची शेती करणारे एक आप्पा माझ्याकडे आले होते. फोन खाटेवर ठेवून चार्जिंग चालू असताना पैसे पाठवायला गेले की रकमेचे आकडे भलतेच पडत, आणि आधीच्या दुकानदाराने त्यांना फोल्डर बदलण्याचे २२०० रुपये सांगितले होते. मी प्रथम चार्जर काढून फोन दहा मिनिटे वापरून पाहिला. एकही चुकीचा स्पर्श झाला नाही. मग फोनच्या माहितीतील Build number वर सात वेळा टिचकी मारून Developer options उघडले आणि त्यातील Pointer location चालू केले, ज्यामुळे फोनला जाणवणारा प्रत्येक स्पर्श स्क्रीनवर रेषांनी दिसतो.

त्यांचाच चार्जर लावून फोन लाकडी टेबलावर ठेवला आणि हात दूर घेतला, तेव्हा स्क्रीन स्वच्छ राहिली. एक बोट मधोमध स्थिर टेकवताच मात्र त्याच्या वर आणि खाली, एकाच उभ्या ओळीत, जादा ठिपके उमटू लागले. असे एका ओळीत उमटणे ही या दोषाची ओळखीची खूण आहे, कारण बोटाखालून जाणारी सबंध रेषाच बिघडलेली असते. नंतर मी फोन तळहातात घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने चालवला, तर ठिपके जवळजवळ नाहीसे झाले. तळहातामुळे माझे शरीर आणि फोन एकत्र हलू लागले होते, म्हणजे मी काठावरून नावेत आलो होतो. शेवटी तीच केबल आधी पॉवर बँकेला आणि नंतर माझ्याकडच्या चांगल्या चार्जरला जोडली. दोन्ही वेळा त्रास शून्य. याचा अर्थ केबल निर्दोष, फोन निर्दोष आणि दोष चार्जरचा. पॉवर बँकेचा भिंतीतल्या विजेशी संबंधच नसतो, म्हणून ही चाचणी मला सर्वांत भरवशाची वाटते आणि ती तुम्ही घरीही करू शकता.

आप्पांच्या परवानगीने तो चार्जर फोडून पाहिला. आतल्या सर्किटच्या पट्टीवर CY1 असे छापलेले होते, म्हणजे वाय कपॅसिटरची जागा आखलेली होती, पण तिथे भाग बसवलेलाच नव्हता. केवळ यावरून कोणताही चार्जर वाईट ठरवू नये, कारण काही उत्तम चार्जर ट्रान्सफॉर्मरच्या आतील रचनेनेच हे काम साधतात. परंतु रिकामी जागा पाहून तिथे एखादा साधा कपॅसिटर स्वतः डाखण्याचा विचार कृपया करू नका. तो आतून शॉर्ट झाला तर भिंतीतली वीज थेट तुमच्या हातातील फोनवर येईल. शिवाय चार्जर बोर्डातून काढल्यानंतरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ विजेचा धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो.

हा त्रास कधी होतो आणि कधी होत नाही, याचे कारण म्हणजे फोनमधील टच नियंत्रक अशा धक्क्यांचा गोंगाट जाणवला की स्वतःच्या संकेताची वारंवारता बदलून शांत जागा शोधतो. पण स्वस्त चार्जरची वारंवारता भारानुसार सरकते, त्यामुळे २० टक्के बॅटरीला दिसणारा दोष ९० टक्क्यांना नाहीसा होऊ शकतो किंवा याच्या उलटही घडते. घराचे अर्थिंग सुधारा, असाही सल्ला आपल्याकडे हमखास दिला जातो. दोन पिनांचा चार्जर मुळात अर्थिंगला जोडलेलाच नसतो, तेव्हा त्या खर्चाने हा दोष जाणार नाही.

नवा चार्जर घेताना फोनच्या कंपनीचा किंवा नावाजलेल्या कंपनीचा घ्या आणि त्यावरील R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक BIS Care या अ‍ॅपवर पडताळा. ती नोंदणी सुरक्षिततेची आहे, टचच्या गोंगाटाची नव्हे, तरीही ती पाहावी, कारण जिथे कपॅसिटर वाचवला तिथे भिंतीकडची आणि फोनकडची बाजू यांच्यातील अंतरही कमी ठेवलेले असू शकते. आणि पॉवर बँकेवर किंवा चार्जर काढूनही स्क्रीन आपोआप चालत असेल, तर मात्र वरील सारे तुमच्या फोनला लागू होत नाही: तेव्हा आधी बॅटरी फुगून डिस्प्लेला आतून दाबत नाही ना ते पाहून घ्या, आणि फुगलेली असेल तर फोन चार्जिंगला न लावता दुकानात न्या.