पासवर्ड बरोबर, तरी वायफाय म्हणतं चूक

हॉलमध्ये राऊटरसमोर बसलं की फोन ‘ऑथेंटिकेशन एरर’ दाखवतो. मागच्या खोलीत गेलं की तोच फोन त्याच पासवर्डने जोडला जातो. सासूबाईंचा जुना फोन मात्र घरभर चालतो. महिन्यापूर्वी राऊटर बदललाय. (जुळे सोलापूर)

सासूबाईंच्या फोननेच कोडं सोडवलंय. तुमच्या राऊटरमधून एकाच नावाची दोन नेटवर्क बाहेर पडतायत, एक 2.4 गिगाहर्ट्झचं आणि एक 5 गिगाहर्ट्झचं, आणि दोघांचे पासवर्ड वेगळे आहेत. जुन्या फोनला 5 दिसतच नाही, म्हणून तो कायम 2.4 वर जातो आणि तिथला पासवर्ड त्याच्याकडे बरोबर आहे. तुमचा फोन राऊटरजवळ असला की जास्त वेगाचं 5 पकडायला बघतो आणि तिथे अडतो. मागच्या खोलीत, मध्ये दोन भिंती आल्या की 5 चा जोर ओसरतो, फोन 2.4 कडे वळतो आणि काम होतं.

राऊटर बसवताना हे सर्रास होतं. बसवणारा घाईत असतो. तो 2.4 च्या पानावर तुमचं जुनं नाव आणि पासवर्ड टाकतो, 5 च्या पानावर फक्त नाव बदलतो. तिथला पासवर्ड कंपनीतून आलेलाच राहतो, जो राऊटरच्या तळाच्या स्टिकरवर छापलेला असतो.

आधी खात्री करा. मागच्या खोलीत जोडलेलं असताना फोनमध्ये त्या नेटवर्कच्या नावापुढचं चाकाचं किंवा बाणाचं चिन्ह दाबा. बहुतेक अँड्रॉइड फोन तिथे फ्रिक्वेन्सी दाखवतात. 2.4 दिसलं, की निदान जवळजवळ पक्कं. मग ब्राउझरमध्ये `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` उघडा (नेमका पत्ता आणि लॉगिन त्याच स्टिकरवर असतं). Wireless किंवा WLAN मध्ये 2.4G आणि 5G अशी दोन वेगळी पानं असतील. 5G च्या पानावर पासवर्डशेजारचा डोळा दाबून बघा. वेगळा निघाला तर 2.4 चाच तिथे टाका आणि सेव्ह करा. अर्धा-एक मिनिट वायफाय जाईल, घाबरू नका. शेवटी फोनमध्ये ते नेटवर्क ‘फरगेट’ करून पासवर्ड एकदा नव्याने टाका, कारण बऱ्याचदा नकार मिळाला की फोन त्या नेटवर्कवर फुली मारून बसतो आणि दुरुस्ती झाली तरी आपणहून पुन्हा प्रयत्न करत नाही.

एक गोष्ट लक्षात असू द्या. ‘पासवर्ड चुकलाय’ असं राऊटर फोनला सांगतच नाही. WPA2 या वायफायच्या सुरक्षा प्रकारात पासवर्ड हवेतून जातही नाही. राऊटर एक यादृच्छिक आकडा पाठवतो, फोन आपला आकडा आणि त्यावर पासवर्डातून तयार केलेली मोहोर पाठवतो. मोहोर जुळली नाही तर राऊटर गप्प राहतो, पहिला निरोप दोन-चार वेळा पुन्हा पाठवतो आणि मग संबंध तोडतो. फोन यावरून अंदाज बांधतो, की पासवर्ड चुकला असणार. पण रेंज कच्ची असून निरोप वाटेत हरवला, तरी फोनला अगदी असंच दिसतं. म्हणून ज्यांची तक्रार तुमच्या उलट आहे, म्हणजे राऊटरजवळ चालतं आणि लांब गेलं की ‘ऑथेंटिकेशन एरर’ येतो, त्यांनी पासवर्डाच्या मागे न लागता राऊटरची जागा बदलावी. जुन्या पेठांतल्या दगडी भिंतींच्या घरांत हा प्रकार नेहमीचा आहे.

भावाने व्हॉट्सॅपवर पासवर्ड पाठवला, मी जसाच्या तसा कॉपी करून टाकला. त्याच्या फोनवर चालतो, माझ्यावर नाही. (साखर पेठ)

पासवर्ड टाकताना डोळ्याचं चिन्ह दाबा आणि आकडे नीट बघा. मेसेज मराठी कीबोर्डवरून टाइप झाला असेल तर `loom@1234` ऐवजी `loom@१२३४` आलेलं असतं. वाचताना आपण दोन्ही ‘बारा चौतीस’च वाचतो, फोनच्या दृष्टीने मात्र ती चार पूर्ण निराळी अक्षरं आहेत. दुसरा संशयित म्हणजे शेवटची मोकळी जागा. कॉपी करताना ती चिकटून येते आणि डोळ्यांना दिसत नाही. कर्सर शेवटी नेऊन एकदा खोडून बघा, पासवर्डाचं अक्षर गेलं की मोकळी जागा ते लगेच कळेल. तिसरा, कीबोर्डने आपणहून मोठं केलेलं पहिलं अक्षर, `Loom`.

खरं तर कॉपीची भानगडच नको. भावाला त्याच्या फोनवर वायफायचं ‘शेअर’ दाबून क्यूआर कोड दाखवायला सांगा आणि तो स्कॅन करा.

दुकानात नवा राऊटर आला. आमचे फोन लागले, पण बिलाचा जुना प्रिंटर आणि कामगाराचा सहा-सात वर्षांचा फोन लागत नाही. पासवर्ड दहा वेळा तपासला. (विडी घरकुल)

इथे पासवर्ड सोडून सुरक्षेचा प्रकार बघा. नव्या राऊटरमध्ये तो WPA3 किंवा WPA2/WPA3 असा मिश्र ठेवलेला असू शकतो. अँड्रॉइडमध्ये WPA3 आलं ते अँड्रॉइड 10 पासून, तेही फोनच्या चिपमध्ये सोय असेल तरच. जुन्या फोनला नुसत्या WPA3 चं नेटवर्क नावाने दिसतं, पण जोडता येत नाही. मिश्र प्रकारात दोघांचंही चालायला हवं, तरी काही जुने प्रिंटर आणि कॅमेरे त्यातही अडखळतात.

राऊटरच्या पानावर 2.4G खाली Security मध्ये `WPA2-PSK` आणि त्यापुढे `AES` निवडा. नाव आणि पासवर्ड तेच ठेवा. प्रिंटर लागला, तर कारण सापडलं. ‘जास्त जुन्यालाही चालेल’ म्हणून `TKIP` मात्र निवडू नका. त्यावर वायफाय 54 एमबीपीएसच्या वर जात नाही आणि सुरक्षाही लंगडी होते. 5G चं पान WPA3 किंवा मिश्रवर राहू द्या, तिथे जुनं यंत्र सहसा येत नाही. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देणारं ‘स्मार्ट कनेक्ट’ चालू असेल तर वेगळी निवड करता येणार नाही. आधी ते बंद करा.

लाइट जाऊन आली की 2.4 लगेच येतं, 5 चं नाव कधी मिनिटाने दिसतं, कधी दहा मिनिटांनी. टीव्हीवर तर ते कधीच दिसत नाही, फोनवर दिसतं. राऊटर खराब आहे का? (अक्कलकोट रोड, एमआयडीसी)

नाही, राऊटर नियम पाळतोय. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले 52 ते 144 हे चॅनेल रडारही वापरतात. त्यावर बसायचं असेल तर राऊटरला आधी किमान 60 सेकंद नुसतं ऐकत राहावं लागतं. रडारची चाहूल लागली नाही, तरच तो नाव प्रसारित करतो. 120, 124 आणि 128 हे हवामान रडारच्या हद्दीत येतात. तिथे युरोपीय नियमांप्रमाणे चालणारे राऊटर दहा मिनिटं ऐकतात. चालू असताना रडार आढळलं तर राऊटरने तो चॅनेल ताबडतोब सोडायचा आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. तुमचा राऊटर चॅनेल ‘ऑटो’वर असणार. प्रत्येक वेळी लाइट आली की तो नव्याने चॅनेल निवडतो, म्हणून कधी एक मिनिट, कधी दहा.

टीव्हीचं कारणही तेच. या चॅनेलवर यंत्राने स्वतः हाक मारायची नसते, राऊटरची हाक येईपर्यंत ऐकायचं असतं. तेवढी सोय न करता बरेच टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स हे चॅनेल यादीतूनच वगळतात. मग समोर दोन हातांवर राऊटर असला तरी नाव दिसणार नाही.

राऊटर आत्ता कुठे बसलाय ते विंडोज लॅपटॉपवर असं बघा:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

नवीन विंडोज 11 मध्ये आधी लोकेशन चालू करावं लागतं. तुमच्या नावाखाली `Channel` ची ओळ शोधा. समजा तिथे 100 आलं. मग राऊटरच्या 5G पानावर ‘ऑटो’ काढून 36 ठेवा आणि रुंदी 80 मेगाहर्ट्झ. 36 ते 48 वर ऐकत बसण्याची अट नाही, लाइट आली की नाव लगेच दिसेल. शेजारच्या कारखान्यांचे राऊटरही तिथेच दाटलेले असतील तर 149 बघा, त्यालाही ती अट नाही. मात्र काही टीव्ही आणि बाहेरदेशातून आणलेली यंत्रं 149 पासून पुढचे चॅनेल ओळखत नाहीत. टीव्हीवर नाव आलं नाही तर गुपचूप 36 वर परत या.

रुंदीची एक खोच आहे. वेगाच्या मोहाने 160 मेगाहर्ट्झ ठेवलंत, तर 36 निवडूनही राऊटर 36 पासून 64 पर्यंतची सगळी जागा घेतो. त्यात 52 ते 64 आलेच. म्हणजे पुन्हा तेच ऐकत बसणं. चॅनेल बदलूनही तक्रार कायम, असं सांगणाऱ्यांत हा घोटाळा बऱ्याचदा निघतो.

माझ्या फोनमध्ये 5G सिम चालत नाही, म्हणून राऊटरचं 5G दिसत नाही का? (शेळगी)

दोघांचा काही संबंध नाही. सिमचा 5G म्हणजे मोबाइलची पाचवी पिढी, राऊटरच्या नावातला 5G म्हणजे 5 गिगाहर्ट्झ. फोर-जी फोनवरही 5 गिगाहर्ट्झचं वायफाय असू शकतं. फोनच्या खोक्यावर वायफायपुढे `802.11 a/b/g/n/ac` लिहिलं असेल तर आहे. नुसतं `b/g/n` असेल तर फोनमध्ये तो रेडिओच नाही असं समजा, आणि कुठलीही सेटिंग करून तो येणार नाही. लॅपटॉपसाठी हीच माहिती अशी मिळते:

```
netsh wlan show drivers
```

`Radio types supported` च्या ओळीत `802.11a` किंवा `802.11ac` नसेल, तर सहसा पाच-सातशे रुपयांपासून पुढे मिळणारा यूएसबी वायफाय अडॅप्टर हा उपाय. घेताना ‘ड्युअल बँड’ लिहिलेलं आहे ना ते बघा. दिसायला तसाच आणि स्वस्त अडॅप्टर फक्त 2.4 चा असतो.