तापाची रजा आणि दाखल्यावरची तारीख

पावसाळा लागला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत ग्रॅच्युइटी आणि पीएफ मागे पडतात, ताप पुढे येतो. कामगार कायद्याचा सल्लागार म्हणून दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये हीच उत्तरे तोंडी देत असतो. या वेळी ती लिहून देतो.

आठवडाभर व्हायरल ताप होता. आता कामावर जायचंय. रजेचा अर्ज नेमका कसा लिहू?

समजा ताप सोमवारी ७ जुलै २०२५ ला आला, बुधवारी ९ तारखेला डॉक्टरांना दाखवले, त्यांनी शनिवारपर्यंत विश्रांती सांगितली आणि रविवारची सुट्टी धरून तुम्ही सोमवारी १४ तारखेला हजर होताय. मग अर्ज असा :

प्रति, मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
विषय : दि. ७ ते १२ जुलै २०२५ या काळातील आजारी रजा मंजूर करण्याबाबत

महोदय,
दि. ७ जुलै रोजी सकाळपासून ताप आल्याने मी कामावर येऊ शकलो नाही. तसे त्याच दिवशी विभागप्रमुखांना मोबाइलवर संदेश पाठवून कळवले होते. दि. ९ जुलै रोजी डॉक्टरांनी तपासून विषाणूजन्य तापाचे निदान केले व दि. १२ जुलैपर्यंत विश्रांतीचा सल्ला दिला. त्यांचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि कामावर रुजू होण्यास योग्य असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. मी दि. १४ जुलैपासून हजर होत आहे. तरी वरील सहा दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती.
आपला विश्वासू,
(नाव, हुद्दा, कर्मचारी क्रमांक, दिनांक, सही)

बस, एवढेच. अंगदुखी किती होती, घरी बघायला कोणी नव्हते, हे लिहू नका. पण पहिल्या दिवशी कळवल्याचे वाक्य गाळू नका आणि त्या संदेशाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. न कळवता गैरहजर राहणे आणि कळवून आजारी असणे, यांत हजेरीपुस्तकात फार फरक पडतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. ई-मेलने पाठवला असेल तर तोच पुरावा.

मराठीत लिहिला तर चालतो का?

चालतो. वाचणाऱ्याला मराठी येत असले म्हणजे झाले.

डॉक्टर म्हणतात, बुधवारी तपासलं तर सोमवारपासूनचा दाखला देणार नाही. मित्र म्हणतो, फोनवर पैसे टाकले की हव्या त्या तारखेचा पीडीएफ येतो. घेऊ का?

घेऊ नका. आणि तुमच्या डॉक्टरांवर चिडूही नका, ते बरोबर वागताहेत.

वैद्यकीय दाखला म्हणजे डॉक्टरने स्वतः तपासून दिलेली लेखी साक्ष. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दिलेल्या दाखल्यांची नोंदवही ठेवावी लागते, दाखल्याची प्रत ठेवावी लागते, आणि रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता व शरीरावरची किमान एक ओळखीची खूण नोंदवावी लागते. औषधाच्या चिठ्ठीवर आणि दाखल्यावर नोंदणी क्रमांकही लागतो. खोटा दाखला देणे हे डॉक्टरसाठी गैरवर्तन आहेच, शिवाय फौजदारी कायद्यातही खोट्या दाखल्यांवर कलम आहे.

आता पैसे टाकून आलेला तो कागद डोळ्यांसमोर आणा. शिक्का ठसठशीत, सही छापलेली, तुमची सही कुठेच नाही, ओळखीची खूण नाही, आणि पत्ता अशा गावाचा जिथे तुम्ही त्या आठवड्यात नव्हताच. मनुष्यबळ विभागाला पडताळणीला फार काही करावे लागत नाही. नोंदणी क्रमांक वैद्यक परिषदेच्या यादीत पाहतात आणि दवाखान्यात फोन करून विचारतात, नोंदवहीत हे नाव आहे का. 'नाही' असे उत्तर आले की प्रश्न दोन दिवसांच्या पगाराचा उरत नाही, खोटा कागद दिल्याचा होतो. दोन दिवस बिनपगारी गेले असते तर महिन्याचा हिशेब थोडा कमी भरला असता. आता चौकशी लागते, आणि ताप खरा असूनही तुमचे कोणी ऐकत नाही. खऱ्या आजाराला खोटा कागद जोडून माणसे नोकरी धोक्यात घालतात, याचा मला दरवर्षी नव्याने राग येतो.

मार्ग सरळ आहे. सोमवारपासून ताप असल्याचे रुग्णाने सांगितले आणि तपासणी ९ जुलैला केली, असे दोन्ही दाखल्यात लिहून द्याल का, हे डॉक्टरांना विचारा. बहुतेक डॉक्टर तयार होतात, कारण त्यात खोटे काही नाही. मग अर्जातही तशाच तारखा लिहा. पहिल्या दोन दिवसांसाठी किरकोळ रजा मागता येते. त्यातही कंपनी अडून बसली तर सेवाशर्ती घेऊन सल्लागाराला भेटा. आणि पुढच्या वेळी तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

आमच्या ऑफिसात 'आजारी रजा' नावाची रजाच नाही म्हणतात. खरं का?

असू शकते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आजारी रजा असा वेगळा प्रकार नाही. २० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आहे; २०२५ च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा १० कामगारांची होती. ती तिमाहीगणिक जमा होते, म्हणून जुलैत आठही हाताशी असतील असे धरू नका. वर्षात २४० दिवस काम झाले असेल तर दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजाही मिळते. आजारपण यांतूनच भागवायचे. कंपनीने स्वतःच्या नियमांत आजारी रजा दिली असेल तर ती वर. नेमणूकपत्र काढून वाचा. कारखाना किंवा सरकारी नोकरी असेल तर नियम वेगळे, तिथे तुमच्या आस्थापना शाखेला विचारा.

पगारातून ईएसआय कापतात. फॅमिली डॉक्टरचा दाखला पुरेल का?

कंपनीच्या रजेसाठी कदाचित. ईएसआयच्या आजारपण लाभासाठी नाही, त्याला ईएसआयच्या दवाखान्याचा किंवा त्यांच्या नेमलेल्या डॉक्टरचा दाखला लागतो. लाभ साधारण पगाराच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि त्यासाठी आधीच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. आजाराचे पहिले दोन दिवस सहसा कोरडेच जातात. ज्या दिवसांची पगारी रजा घेतली, त्याच दिवसांचा लाभ मागू नका. शाखा कार्यालयात जाऊन आधी विचारून घ्या, कोणत्या बाजूने फायदा आहे ते.

कंपनी रक्ताचे सगळे रिपोर्ट मागते. द्यायलाच हवेत का?

साध्या आठवड्याच्या रजेला दाखला पुरायला हवा. आग्रहच धरला तर कोणत्या नियमाखाली, हे लेखी विचारा.

ताप शुक्रवारी उतरला. साहेब म्हणतात, शनिवारीच ये. जाऊ का?

हे मला विचारू नका, डॉक्टरांना विचारा. डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जास्त जोखमीचे असतात. पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त असे काही दिसले तर अर्ज बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा. साहेबांसाठी डॉक्टरांच्या दाखल्यात 'रुजू होण्यास योग्य' असा दिनांक लिहून घ्या. त्या तारखेआधी कामावर बसलात तर मंजूर रजा आणि हजेरी दोन्हींत तुमचे नाव लागेल, आणि ते निस्तरायला पुन्हा माझ्याकडेच याल.